गुळाचा चहा आणि प्रसादाची कतली (बी-विंग ग्रुप, मुलुंड)

सावंत काका ३०२: सुप्रभात मंडळी. आलेला मेसेज पुढे पाठवतोय, साखर बंद करा गूळ घ्या, गुळाने वजन वाढत नाही. मी स्वतः महिनाभर गुळाचाच चहा घेतोय. गणपतीत प्रसादाला पण साखर नको असं माझं मत.

कदम दादा (कमिटी): काका प्रसादाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, दुकानात शुगरफ्री काजू कतली मिळते, आपल्याकडे डायबेटीसवाले बरेच आहेत, ती मागवायची का? बजेट नंतर बघू.

नेने काकू १०४: आमच्या ह्यांना चालेल ना ती? आणि सावंत भाऊजी महिना झाला म्हणता, मग वजन किती उतरलं ते पण लिहा 😄

सावंत काका ३०२: अर्धा किलो वाढलंय. पण ते पावसामुळे, सकाळी फिरायला जाता येत नाहीये.

मृणाल ५०३: काका रागावू नका, मी डाएटिशियन आहे म्हणून गप्प बसवत नाही. १०० ग्रॅम साखरेत जवळपास ४०० कॅलरी असतात आणि १०० ग्रॅम गुळात साधारण ३५० ते ३८५, म्हणजे तेवढ्याच वजनाला फरक फार तर दहा-बारा टक्क्यांचा, आणि तो पण कशामुळे तर गुळात थोडा पाण्याचा अंश असतो, थोडे क्षार असतात, बाकी सगळी साखरच. जादू काही नाही. पण खरी गंमत पुढे आहे, तुम्ही चहात गूळ किती घालता?

सावंत काका ३०२: एक खडा.

मृणाल ५०३: केवढा? आमच्याकडे केकसाठी घेतलेला छोटा वजनकाटा आहे, आर्यनला खाली पाठवते, तुमचा नेहमीचा खडा त्यावर ठेवून सांगा.

नेने काकू १०४: आता खड्याचं वजन होणार 😂

सावंत काका ३०२: १४ ग्रॅम दाखवतोय. परत ठेवून बघितला तरी १४.

मृणाल ५०३: हेच. आधी साखर किती घालायचात?

सावंत काका ३०२: दोन चमचे. सपाट, हिने ताकीद दिलेली.

मृणाल ५०३: सपाट चहाचा चमचा म्हणजे ५ ग्रॅम धरू, दोनाचे १० ग्रॅम, म्हणजे ४० कॅलरी. आता १४ ग्रॅम गूळ म्हणजे ५० च्या वर. गूळ साखरेपेक्षा थोडा कमी गोड लागतो म्हणून हात आपोआप जास्त घालतो, शिवाय खड्याला चमच्यासारखं माप नाही, डब्यातून जो तुकडा हाताला लागेल तो आत. दिवसाला तीन कप घेत असाल तर तुम्ही आधीपेक्षा तीसएक कॅलरी जास्तच घेताय, कमी नाही. एवढ्याने वजन काही उड्या मारत नाही पण कमी होण्याचा प्रश्नच नाही. आणि फुल क्रीम दूध घालत असाल तर कपातल्या ६० मिली दुधाच्याच ५० कॅलरी होतात, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

सावंत काका ३०२: पण गुळात लोह असतं ते?

मृणाल ५०३: असतं, पण तुमच्या खड्यात अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. बायकांना रोज २९ मिलिग्रॅम लागतं असं आयसीएमआर २०२० पासून सांगतं. आणि चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही, म्हणजे नेमका चहातच घातलेला गूळ लोहासाठी सगळ्यात वाईट जागी पडतो. चवीसाठी घ्या की, मलाही आवडतो. फक्त गॅस बंद करून मग घाला, नाहीतर दूध फाटतं.

नेने काकू १०४: ह्यांना डॉक्टरांनी साखर बंद सांगितली तेव्हापासून हे गूळ घेतात, घरचाच आहे म्हणून. मग तो पण नको?

मृणाल ५०३: काकू, रक्तातल्या साखरेला खडा आणि चमचा सारखेच. गुळात सुक्रोजच असतं, शिवाय थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटं. म्हणजे काकांच्या हिशोबात गूळ साखरेच्याच खात्यात टाका, आणि सोडायचा की कमी करायचा हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. त्यांना चहा गोडच हवा असेल तर साखरेऐवजी घालतात ती शुगरफ्री गोळी बरी. गोळीत कॅलरी नगण्य कारण त्यातला पदार्थ साखरेच्या शेकडोपट गोड, म्हणून मिलिग्रॅममध्ये लागतो. अ‍ॅस्पार्टेम साधारण २०० पट, सुक्रालोज ६०० पट. अ‍ॅस्पार्टेमची गोळी चहा उकळताना घालू नका, जास्त उष्णतेत त्याचा गोडवा जातो, कपात ओतल्यावर घाला. पुडी असेल तर ती फुगवायला त्यात माल्टोडेक्स्ट्रिन वगैरे असतं, एका पुडीला तीन-चार कॅलरी येतात, त्याची चिंता नको.

कदम दादा (कमिटी): ह्या गोळ्या वाईट असं टीव्हीवर आलं होतं ना मॅडम?

मृणाल ५०३: २०२३ च्या मे मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं की वजन कमी करायला ह्यांच्यावर भिस्त ठेवू नका. पण ज्यांना आधीच डायबेटीस आहे त्यांच्यासाठी ती सूचना नाही, हे बातमीत गाळलं गेलं. वजनाचं म्हणाल तर दोन चमचे साखरेच्या जागी गोळी घातली की कपामागे ४० वाचतात, आणि वाचल्या म्हणून दोन छोटी बिस्किटं जास्त खाल्ली की त्या ४० तिथेच परत. आमच्याकडे येणाऱ्या लोकांचं हेच होतं.

कदम दादा (कमिटी): बरं मग कतली?

मृणाल ५०३: दादा कतलीत गोळीची ट्रिक चालत नाही, कारण मिठाईत साखर फक्त गोडीला नसते, तीच वजन आणि भरीव अंग देते, पाक धरतो म्हणून वडी बनते. घरच्या मापाने करून दाखवते. २०० ग्रॅम काजूच्या ११६० कॅलरी, १०० ग्रॅम साखरेच्या ४००, चमचाभर तुपाच्या ४५, सगळं मिळून १६०५, आणि मिश्रण थोडं पाणी राहून ३२० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १० ग्रॅमची एक कतली ५० कॅलरी. आता साखर काढून सुक्रालोज टाका, एकूण राहिल्या १२०५, पण वजन उरलं फक्त २१५ ग्रॅमच्या आसपास. १० ग्रॅमची कतली झाली ५६. कळलं का? प्रत्येक तुकड्यात आधीपेक्षा जास्त कॅलरी, कारण साखरेची जागा काजूने घेतली आणि काजू साखरेपेक्षा जास्त कॅलरीचे.

सावंत काका ३०२: अहो म्हणजे शुगरफ्रीमध्ये जास्त 😳

मृणाल ५०३: तुकड्याला तुकडा ठेवून बघितलं तर हो. पूर्ण थाळीत कमी, पण कतल्याही कमी होतात. रक्तातल्या साखरेला ती बरी, पण वजनाला नाही. आणि नुसतं काजू-सुक्रालोज नीट बांधलं जात नाही म्हणून बरेच जण माल्टिटॉल वापरतात, त्याला साखरेच्या निम्म्याहून थोड्या जास्त कॅलरी आहेत, रक्तातली साखरही थोडी वाढवतं, आणि चार-पाच तुकडे खाल्ले की पोट बिघडतं. मागवायचीच तर डब्यावर घटक वाचा, माल्टिटॉल लिहिलं असेल तर नेने काकांना एकच द्या.

नेने काकू १०४: एक! हे डबा बघून थांबणारे का.

कदम दादा (कमिटी): मग राहू दे शुगरफ्री. काजूचा भाव पण बघितलाय ना. त्यापेक्षा डायबेटीसवाल्यांसाठी वाटली डाळ ठेवूया, ओलं खोबरं घालून. बाकीच्यांना मोदक.

नेने काकू १०४: वाटली डाळ मी करते, दीड किलो हरभरा डाळ कोणीतरी आणून द्या. आणि त्यात कोणी साखर टाकायला लावू नका, आमच्याकडे टाकतात ती चुकीची पद्धत आहे.

सावंत काका ३०२: आर्यनला म्हणावं काटा उद्या नेला तरी चालेल. मला अजून पोह्यांचं बघायचंय.