पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट अजून हातात नाही, तर कव्हर लेटरमध्ये काय लिहायचं?

> परीक्षा १४ जूनला आहे. 'पीएमपी पेंडिंग' लिहिलं तर चालेल ना?

नको. पास होईपर्यंत नावापुढे पीएमपी लावता येत नाही, आणि नुसत्या 'पेंडिंग'वरून रिक्रूटरला काहीच कळत नाही. फॉर्म भरलाय की परीक्षेची तारीख मिळालीये? मी असं लिहीन:

"पीएमपीसाठी लागणारं ३५ तासांचं प्रशिक्षण मी पूर्ण केलं असून माझा अर्ज मंजूर झाला आहे. परीक्षा १४ जूनला आहे. सध्या माझ्याकडे हे सर्टिफिकेट नाही. निकाल लागताच कळवेन."

'मंजूर' हा शब्द मंजुरीचा ईमेल आला असेल तरच वापरा. 'नक्की पास होईन' वगैरे नकोच. मंजुरीनंतर वर्षभरात तीनदा परीक्षा देता येते, त्यामुळे जूनमध्ये हुकलं तर पुढची तारीख स्वतःहून कळवा.