जर्मनीतल्या स्वयंसेवक वर्षासाठी मोटिव्हेशन लेटर: मसुदा कुठे कमी पडतोय?

मिरजेची_लेक: बुंडेसफ्राइविलिगेनडीन्स्टसाठी अर्ज करतेय. 12 महिने, दिव्यांग प्रौढांच्या कार्यशाळेत. बीएसडब्ल्यू झालंय, जर्मन ए2. पत्र एका पानात बसवायचंय. सुरुवात अशी केलीय: "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. जर्मनीची संस्कृती जवळून अनुभवण्याची माझी इच्छा आहे. 2019 च्या महापुरात मी मदतकार्यात सक्रिय सहभाग घेतला." वाचून मलाच काही वाटत नाही. काय बदलू?

निवृत्त_गुरुजी: बाळ, महापूर अगदी वर घे. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, हे तिकडच्यांना कळू दे. आणि एनएसएस, वक्तृत्व, रांगोळी, सगळी प्रमाणपत्रं लिही. काही सोडू नकोस.

विटा_एक्सप्रेस: माझ्या भाच्यानं एमएससाठी एसओपी लिहिला होता. प्रोफेसरांचं नाव आणि त्यांचं संशोधन टाकलं की काम होतं बघा.

कृष्णाकाठची_सई: विटाकर, हे विद्यापीठाचं नाही, सेवावर्षाचं पत्र आहे. इथे प्रोफेसर नसतात.

मी हे वर्ष करून आलेय आणि आता एका संस्थेसाठी असे अर्ज वाचते. गुरुजी, महापूर घ्यावा हे बरोबर, पण पाण्याची पातळी बातमीत असते, पत्रात तिनं काय केलं ते हवं. प्रमाणपत्रं बायोडेटात जातील. लेकी, "सक्रिय सहभाग" म्हणजे नेमकं काय केलंस?

मिरजेची_लेक: शाळेतल्या निवारा केंद्रात होते. लोक बीपी-शुगरच्या गोळ्या घरीच टाकून आले होते. मी खोलीनिहाय यादी करून रोज डॉक्टरांकडे द्यायचे. त्यानंतर शनिवारी मिरजेतल्या विशेष मुलांच्या शाळेत जायला लागले, अजून जाते. तिथे एक मुलगा मणी ओवायला बसायचाच नाही. मी कामाचे चार टप्पे चित्रांच्या कार्डांवर काढले, मग तो बसू लागला.

कृष्णाकाठची_सई: अगं, हेच पत्र आहे! गोळ्यांची यादी दोन ओळींत. मग शनिवार, आणि "अजून जाते" हे शब्द नक्की ठेव. वाचणाऱ्याला एकच धास्ती असते: ही थंडीत, घरापासून लांब, तिसऱ्या महिन्यात काम सोडून तर जाणार नाही ना? "मी कष्टाळू आहे" यानं ती जात नाही, पूर ओसरल्यावरही तू येत राहिलीस यानं जाते.

आता देणं काय, ते. त्यांच्या जागेच्या वर्णनात कामं दिलेली असतील. पॅकिंग, स्क्रू मोजणं, जेवणाच्या वेळी मदत, असं काहीतरी. त्यातलं एक धरून लिही: "मिरजेत मी चित्रकार्डांनी काम टप्प्याटप्प्यानं शिकवते. तुमच्याकडच्या पॅकिंगसाठी मार्गदर्शकांना विचारून अशी कार्डं करून बघेन. माझं जर्मन अजून कच्चं आहे, तेव्हा चित्रांचा आधार मलाही होईल." "विचारून" हा शब्द मुद्दाम घातलाय. स्वयंसेवक तिथल्या पगारी माणसांच्या हाताखाली मदतीला असतो, त्यांच्या जागी नसतो. "तुमची कार्यशाळा सुधारेन" असा सूर दिसला की आम्ही थबकतो.

पुरणपोळी_फॅन: भारतीय जेवण, लेझीम हे लिहू नये का? सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठीच बोलावतात ना?

कृष्णाकाठची_सई: एक ओळ चालेल. पण पुरणपोळी एका संध्याकाळची, पत्र वर्षभराच्या कामाचं. आणि "जर्मनीत पुढे नोकरीची संधी" असलं काही नको. मुंबईच्या वकिलातीत व्हिसाच्या वेळी परत येणार का, हे विचारू शकतात. दोन्हीकडे सांगितलेलं जुळलं पाहिजे. परतून काय करणार, ते तुझ्याच शाळेशी जोड.

मिरजेची_लेक: आमच्याकडची मुलं 18 ची झाली की शाळा संपते आणि बरीच घरी बसतात. प्रौढांची कार्यशाळा रोज कशी चालते, हेच बघायचंय मला.

कृष्णाकाठची_सई: मग तुझं पहिलं वाक्य तेच. "समाजसेवेची आवड" काढून टाक.

निवृत्त_गुरुजी: पटलं. पत्र मात्र जर्मनमध्येच दे, छाप पडते. क्लासच्या बाईंकडून छान तपासून घे.

कृष्णाकाठची_सई: तपासून घे, पण वाक्यं तुझीच राहू देत. पत्र बी2 चं आणि व्हिडिओ मुलाखतीत ए2, हे पाच मिनिटांत उघडं पडतं.

पुरणपोळी_फॅन: माझ्या मैत्रिणीनं इंग्रजीत दिलं होतं आणि निवड झाली.

कृष्णाकाठची_सई: होतेही. संस्थेनं भाषा सांगितली नसेल तर मी साध्या जर्मनमध्ये लिहीन. पण कार्डांचा परिच्छेद ए2 मध्ये नीट उतरणार नसेल, तर इंग्रजीही वाईट नाही. यावर माझंच मत पक्कं नाही.

मिरजेची_लेक: आज रात्री दोन्ही भाषांत तो एकच परिच्छेद लिहून बघते. सईताई, उद्या इथे टाकला तर वाचाल का?

कृष्णाकाठची_सई: टाक. त्या मुलाचं नाव मात्र पत्रातही नको आणि इथेही नको.