कोटिकोन की पूरक कोन? उंची-अंतराच्या उदाहरणात कुठली नित्य समानता घ्यायची

दहावीची आई (दादर)
लेकीच्या क्लासच्या सराव-पत्रिकेत हे उदाहरण आहे. राजाबाई टॉवरच्या पायथ्यापासून एकाच बाजूला, एकाच सरळ रेषेत ५० मी. आणि १४४.५ मी. अंतरावर दोन बिंदू आहेत. तिथून टॉवरच्या टोकाचे उन्नत कोन एकमेकांचे "पूरक" आहेत, तर उंची काढा. लेक म्हणते, पूरक म्हणजे बेरीज १८०. तेवढं लिहून ती अडून बसली. क्लासमध्ये म्हणे "योग्य नित्य समानता निवडा" एवढंच सांगितलं. योग्य म्हणजे कुठली, आणि ती ठरवायची कशी?

परळचे मास्तर
ताई, लेकीचं बरोबर आहे, पत्रिकेचं चुकलंय. आपल्या मराठी पुस्तकांत बेरीज ९० अंश असेल तर कोटिकोन आणि १८० असेल तर पूरक कोन. हिंदीत मात्र ९० वाल्यांना पूरक म्हणतात आणि १८० वाल्यांना संपूरक. पत्रिका करणाऱ्याने हिंदीतून उचललेलं दिसतंय. मुंबईत हे नेहमीचंच, एकाच वर्गात तीन माध्यमांची मुलं असतात.

शब्द चुकला तरी उदाहरण स्वतःच चूक सांगतं. जमिनीवरून टॉवरचं टोक बघताना उन्नत कोन ९० पेक्षा कमीच असणार. असे दोन कोन मिळून १८० होतीलच कसे? तेव्हा इथे कोटिकोनच अभिप्रेत आहेत.

रुईयाचा माजी
सोपं आहे. sin²θ + cos²θ = १ ही सगळ्यांची आई. कुठलंही उदाहरण असो, तिच्यापासून सुरुवात करायची. बाकीच्या दोन तिच्यातूनच निघतात, म्हणजे निवडायचा प्रश्नच नाही.

परळचे मास्तर
निघतात हे खरं, पण या उदाहरणात तिच्यापासून सुरुवात करून बघा. sin आणि cos घेतले की कर्ण लागतो आणि कर्ण तर दिलेलाच नाही. मग तो पायथागोरसने h मध्ये मांडायचा. जवळच्या बिंदूशी θ धरला तर sin θ साठी कर्णाचा वर्ग h² + ५०². लांबच्या बिंदूशी कोन ९० − θ, म्हणून cos θ साठी कर्णाचा वर्ग h² + १४४.५². वर्ग करून मिळवले की

h²/(h² + ५०²) + h²/(h² + १४४.५²) = १

छेद काढा, गुणाकार सोडवा, h⁴ पर्यंत जा, मधली पदं दोन्हीकडून कापली जातात आणि शेवटी h⁴ = ५०² × १४४.५² उरतं. उत्तर येतं, पण पान भरतं आणि मुलं छेद काढताना घसरतात.

आता आधी काय दिलंय ते बघा. दोन्ही त्रिकोणांत पाया माहीत आहे, उंची हवी आहे, कर्णाचं नावही नाही. म्हणजे tan. जवळ tan θ = h/५०, लांब tan(९० − θ) = h/१४४.५. ही दोन्ही गुणोत्तरं झाली, याच आकृतीपुरती खरी. नित्य समानता इथे एकच वापरायची, tan(९० − θ) = cot θ, जी आकृती कुठलीही असली तरी खरी राहते. गुणाकार केला की tan θ × cot θ = १, म्हणून

h² = ५० × १४४.५ = ७२२५, म्हणजे h = ८५ मी.

टॉवर खरोखरच साधारण ८५ मीटरचा आहे, तेव्हा आकडे काढणाऱ्याने निदान तेवढा अभ्यास केलाय.

रुईयाचा माजी
पण म्हणजे माझी पद्धत चूक नाहीच!

परळचे मास्तर
चूक नाही, इथे लांबची आहे. तुमच्या "आई"ची खरी जागा सांगतो. समजा गलबताच्या डोलकाठीच्या टोकापासून दोन दोर ताणून बांधलेत, एक १५ मी., दुसरा २० मी. दोरांनी डेकशी केलेले कोन कोटिकोन आहेत. आता कर्ण दिलेत, पाया नाही. sin θ = h/१५, cos θ = h/२०. इथे वर्ग करून मिळवा: h²/२२५ + h²/४०० = १, म्हणजे h = १२ मी. हेच tan ने करायला गेलात तर आधी दोन्ही पाये शोधत बसाल.

अंधेरी लोकल
माझ्या भाच्याला वेगळंच आलंय. टॉवरच्या दोन बाजूंना दोन माणसं, कोन ३० आणि ४५, दोघांमधलं अंतर २७३ मी. यात कुठली नित्य समानता बसवायची? आम्ही १ + tan²θ = sec²θ लावून बघितली, काही जमेना.

परळचे मास्तर
कुठलीच नाही! कोन अंशांत दिलेत, त्यांच्या किमती पाठ आहेत. ४५ च्या बाजूला पाया h, ३० च्या बाजूला h√३. दोन्ही मिळून २७३. √३ ला १.७३ घ्या, २.७३h = २७३, उंची १०० मी. धड्याचं नाव त्रिकोणमिती आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी नित्य समानता कोंबायची नसते. कोनाची किंमत माहीत नसेल, फक्त दोन कोनांचं नातं माहीत असेल, तेव्हाच तिची गरज लागते.

निवृत्त सर्व्हेअर
मास्तरांचं गणित झकास, पण ओव्हल मैदानात उभं राहून मोजा म्हटलं तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. टोकाच्या बरोबर खाली जो बिंदू येतो तो टॉवरच्या पोटात आहे, भिंतीपाशी नाही. तुम्ही टेप भिंतीपासून लावणार. समजा भिंत त्या बिंदूपासून ५ मी. अलीकडे आहे, तर ५० ऐवजी ४५ आणि १४४.५ ऐवजी १३९.५ मोजाल. उंची येईल साधारण ७९ मी. दोन्ही अंतरांत चूक तेवढीच, पण उत्तर सहा मीटरने खाली. दुसरं म्हणजे कोन डोळ्याच्या उंचीवरून मोजला जातो, तेव्हा h मध्ये शेवटी ती उंची मिळवायची.

एक गंमतही आहे. या पद्धतीत tan च्या तक्त्याची गरजच नाही. दोन कोनांची बेरीज ९० झाली की नाही एवढंच यंत्राने बघायचं, बाकी काम टेपचं.

दहावीची आई
सगळं लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते, h² = ५० × १४४.५ म्हणजे भूमितीमध्याचं प्रमेयच झालं की!

परळचे मास्तर
शाबास! लांबचा बिंदू टॉवरच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर उचलून ठेवायला सांगा तिला. दोन्ही कोन मिळून ९०, म्हणजे वरच्या टोकाशी काटकोन होतो, आणि टॉवर हा कर्णावर टाकलेला लंब. डोलकाठीचंही तेच, पाये ९ आणि १६, गुणाकार १४४.

रुईयाचा माजी
मग परीक्षेत थेट h² = ab लिहून सोडवलं तर चालेल ना?

परळचे मास्तर
मी पेपर तपासताना नुसत्या सूत्राला पूर्ण गुण देत नाही. पलीकडचा बिंदू काढून काटकोन का होतो ते लिहिलं असेल तर देतो.

घाटकोपरच्या बाई
मी देत नाही. प्रश्न त्रिकोणमितीच्या धड्याखाली आहे, तिथे tan आणि cot दिसलेच पाहिजेत.

परळचे मास्तर
बाई, प्रश्नात पद्धत सांगितलेली नसताना?