मदत हवी आहे: लंब आपातासाठी परावर्तन गुणांकाचे चिन्ह नेमके कोणते?

हवेतून काचेवर (अपवर्तनांक १.५) लंब दिशेने येणाऱ्या प्रकाशलहरीसाठी, सीमेवर विद्युत व चुंबकीय क्षेत्रांचे स्पर्शीय घटक सलग राहतात ही अट लावून मी r = (n₁ − n₂)/(n₁ + n₂) = −०.२ आणि t = 2n₁/(n₁ + n₂) = ०.८ असे आयाम गुणांक काढले.

ऊर्जेचा हिशेब जुळतो, कारण ०.०४ मध्ये ०.६४ नव्हे, तर १.५ × ०.६४ म्हणजे ०.९६ मिळवायचे असते, हा १.५ विसरल्यामुळे माझी एक संध्याकाळ वाया गेली, ते असो.

खरी अडचण पुढे आहे. तिरक्या आपाताच्या सूत्रांत कोन शून्य ठेवला असता, आपात प्रतलाला लंब ध्रुवणासाठी −०.२ येते, पण समांतर ध्रुवणासाठी माझ्या पुस्तकातील सूत्र +०.२ देते. लंब आपातात आपात प्रतल निश्चितच होत नसल्याने दोन्ही ध्रुवणे एकच असायला हवीत. समांतर सूत्राच्या आकृतीत परावर्तित विद्युत क्षेत्राची धन दिशा उलटी धरलेली असते, एवढेच याचे कारण आहे का? तसे असल्यास १८० अंशांचा कलाबदल दोन्हींत खराच मानावा का, हे कृपया आकृतीतील बाणांच्या आधारे समजावून सांगावे.