तिसऱ्या रात्रीचा आकांत

अर्धीझोप: मुलगी सात महिन्यांची. आपली आपण झोपावी म्हणून, रडली तरी लगेच उचलायचं नाही, असं स्लीप ट्रेनिंग सुरू केलंय. पहिल्या रात्री ३५ मिनिटं रडली, दुसऱ्या रात्री १५, आम्ही खूश. तिसऱ्या रात्री ४० मिनिटं, तीही आवाज बसेपर्यंत. शेवटी नवऱ्याने उचललं. थोतांड आहे ना हे सगळं?

रातपाळी: थोतांड वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतेय. रोज पहिल्या रिंगला फोन उचलणारा माणूस एक दिवस उचलेना झाला तर तुम्ही एकदा लावून गप्प बसता का? लावतच सुटता. रडलं की कोणीतरी येतं हा तिचा हिशोब सात महिने बरोबर येत होता, तो चुकायला लागल्यावर ती आधी जोर वाढवणारच, सोडेल ती नंतर. हाच एक्सटिंक्शन बर्स्ट. आणि तुम्ही ऐन जोरात असताना उचललंत, म्हणजे तिला कळलं काय, तर १५ मिनिटं पुरत नाहीत, ४० लागतात.

मायेची_ऊब: बाळ आहे की प्रयोगातला उंदीर? न्यूझीलंडमधल्या २०१२ च्या अभ्यासात तिसऱ्या दिवशी बाळांचं रडणं थांबलं होतं पण कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वरच होतं. गप्प बसलेलं बाळ शांत असतंच असं नाही. सिद्ध झालंय ते.

रातपाळी: सिद्ध वगैरे काही नाही, २५ बाळं होती आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. ऑस्ट्रेलियात २०१६ साली तुलना करून बघितलं, त्यात कॉर्टिसॉल वाढलेलं दिसलं नाही. तीही ४३ च बाळं, म्हणून मी नाचत नाहीये. बाकी गप्प म्हणजे शांत नव्हे, हे तुमचं मान्य. झालं समाधान?

बाबा_जागाच: "शेवटी नवऱ्याने उचललं." दरवेळी बाबाच गुन्हेगार! आमच्याकडे मी बाहेर घड्याळ लावून बसलो होतो आणि बायको "फक्त पांघरूण नीट करते" म्हणून आत गेली ती तासाने बाहेर आली.

मायेची_ऊब: एक तास बाळाला जवळ घेतलं हा गुन्हा झाला होय!

बाबा_जागाच: गुन्हा नाही हो, पण ठरलं एक आणि केलं दुसरं. पुढच्या चार रात्री मी भोगल्या, तेव्हा कोणी विचारायला आलं नाही.

रातपाळी: बाबा, भांडण घरी मिटवा. पण मुद्दा जुनाच आहे. विल्यम्स नावाच्या माणसाने १९५९ साली एका २१ महिन्यांच्या मुलाचं लिहून ठेवलंय. पहिल्यांदा ४५ मिनिटं रडला, दहाव्या वेळेपर्यंत रडणं पूर्ण थांबलेलं. मग आठवडाभराने मावशी की आत्या कोण होती तिने झोपवलं, तो रडला, ती परत आत जाऊन तो झोपेपर्यंत बसली. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

बारीकनजर: रातपाळी, अर्धंच बरोबर. बर्स्ट प्रत्येकाला येतोच असं नाही आणि तिसरी रात्र काही शास्त्रात लिहिलेली नाही, कोणाला पहिल्याच रात्री येतो, कोणाला येतच नाही. अर्धीझोप, तुम्ही थांबायच्या वेळा कुठल्या धरल्यात?

अर्धीझोप: डॉक्टर फर्बरचा तक्ता, आत जायच्या आधी किती मिनिटं थांबायचं त्याचा. पहिल्या रात्री ३, ५, १०. दुसऱ्या रात्री ५, १०, १२. काल १०, १२, १५.

बारीकनजर: मग बघा ना, पहिल्या रात्री तुम्ही तिसऱ्या मिनिटाला आत डोकावलात, काल दहाव्या. तुम्ही जिना चढलात आणि तिनेही आवाज चढवला, सगळा दोष बर्स्टला कशाला? काल संध्याकाळी उशिरा झोप काढली होती का? आणि उचलल्यावर गप्प व्हायला किती वेळ लागला?

अर्धीझोप: साडेपाचपर्यंत झोपली होती, सातला आडवी केली. उचलल्यावर अर्ध्या मिनिटात खांद्यावर मान टाकली, हुंदके तेवढे चालू होते.

बारीकनजर: दीड तासात परत झोप कुठून येणार! पण इतक्या पटकन शांत झाली म्हणजे दुखत नसावं, दुखणाऱ्या बाळाची कुरकुर कडेवरही चालू राहते.

मायेची_ऊब: चूक! माझ्या धाकट्याचा कान दुखत होता, उभं धरलं की गप्प, आडवं केलं की किंचाळायचा. मी तीन दिवस बर्स्टच समजत बसले आणि डॉक्टरांनी कान बघितल्यावर मान वर करता येईना.

बारीकनजर: हं. हे माझ्या लक्षात नव्हतं. मग दिवसा आडवी केल्यावरही रडते का ते बघा. ताप, उलटी, कानाशी हात, यातलं काही असलं तर ट्रेनिंग बंद. नसलं तर काय झाल्यावर आत जायचं ते दिवसाउजेडी ठरवून कागदावर लिहा, रात्री अडीचला डोकं चालत नाही. रात्रीचं दूध चालू असेल तर रडायला लागताच द्या, ४० मिनिटांनी नको. आणि १५ मिनिटं बाहेर झेपत नसतील तर पाचच ठेवा, पण रोज पाचच.

रातपाळी: पाचला माझा विरोध. आत येऊन परत जाणारी आई बघून काही मुलं जास्त पेटतात, माझी पेटायची.

बारीकनजर: तुमची पेटायची. यांची बघू द्या.

अर्धीझोप: दिवसा आडवी ठीक होती, ताप नाही. आज दुपारची झोप साडेतीनला मोडली, कागद दाराला चिकटवलाय. नवरा विचारतोय पांघरूण सरकलं तर चालेल का आत गेलेलं.

बाबा_जागाच: त्याला सांगा, तिथूनच सुरू होतं.