शब्दचर्चा: नुसतं 'नॉर्म' म्हटलं की कोणता? ऑपरेटर की फ्रोबेनियस?

कोरा कागद
एक २×२ मॅट्रिक्स घेतलं. पहिली ओळ ३, ०. दुसरी ओळ ४, ५. मॅटलॅबमध्ये `norm(A)` दिलं तर ६.७०८२ येतं, नमपायमध्ये `np.linalg.norm(A)` दिलं तर ७.०७११. दोन्हीकडे शब्द 'नॉर्म'च आहे. अहवालात "मॅट्रिक्सचा नॉर्म इतका" असं लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

सातपुडा
दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, राशी वेगळ्या आहेत. मॅटलॅबने न विचारता ऑपरेटर नॉर्म दिला आणि नमपायने फ्रोबेनियस.

फ्रोबेनियसला विचार लागत नाही. सगळ्या आकड्यांचे वर्ग करा, बेरीज घ्या, वर्गमूळ काढा. ९ + ० + १६ + २५ = ५० आणि √५० = ७.०७११. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची एक लांब यादी आहे असं धरून मोजलेली ती लांबी.

ऑपरेटर नॉर्म वेगळाच प्रश्न विचारतो: एक लांबीचा व्हेक्टर या मॅट्रिक्समधून गेला तर जास्तीत जास्त किती ताणला जाईल? त्यासाठी AᵀA काढा. तिच्या ओळी येतात २५, २० आणि २०, २५. आयगेनव्हॅल्यू ४५ आणि ५. मोठीचं वर्गमूळ √४५ = ६.७०८२. पडताळा सोपा आहे. (१, १) दिशेतला एक लांबीचा व्हेक्टर घेऊन A ने गुणा, लांबी √४५ येते. (१, −१) दिशेत फक्त √५ येते.

आता ४५ + ५ = ५० हे पाहा. या दोन्हींची वर्गमुळं म्हणजे A च्या सिंग्युलर व्हॅल्यू. फ्रोबेनियसमध्ये सगळ्या सिंग्युलर व्हॅल्यूंचे वर्ग मिळवलेले असतात, ऑपरेटर नॉर्ममध्ये फक्त सगळ्यात मोठी एकटी असते. म्हणून फ्रोबेनियस कधीच लहान ठरत नाही, आणि जास्तीत जास्त √(रँक) पट मोठा होऊ शकतो. १००×१०० आयडेंटिटीचा ऑपरेटर नॉर्म १ आहे, फ्रोबेनियस १०.

अहवालात नुसतं 'नॉर्म' लिहूच नका. कोडमध्येही प्रकार स्पष्ट द्या:

```python
np.linalg.norm(A, 2)      # 6.7082
np.linalg.norm(A, 'fro')  # 7.0711
```

चौकट
एवढं लांब कशाला? ऑपरेटर नॉर्म म्हणजे सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू. AᵀA मध्ये न शिरता थेट A च्या आयगेनव्हॅल्यू काढायच्या.

सातपुडा
मॅट्रिक्स सिमेट्रिक असेल तर तुमचं म्हणणं जवळपास बरोबर आहे, फक्त चिन्ह सोडून मोठी घ्यायची. −७ आणि ३ असतील तर नॉर्म ७. पण वरचं मॅट्रिक्स सिमेट्रिक नाही. ते त्रिकोणी असल्यामुळे आयगेनव्हॅल्यू कर्णावरच दिसतात, ३ आणि ५. तुमच्या रीतीने नॉर्म ५ येईल आणि (१, १) दिशेतला √४५ चा ताण नजरेतून सुटेल. टोकाचं उदाहरण: ओळी ०, १ आणि ०, ०. दोन्ही आयगेनव्हॅल्यू शून्य, ऑपरेटर नॉर्म १.

उंबरठा
माझा प्रश्न थोडा बाजूचा असेल. लीस्ट स्क्वेअर्ससाठी ग्रेडियंट डिसेंट लिहिलं आहे, मॅट्रिक्स १०००×१०००, नोंदी यादृच्छिक, सरासरी ० आणि व्हेरियन्स १. पावलाची लांबी १/‖A‖² ठेवली, ‖A‖ साठी `np.linalg.norm(A)`. काही फुटत नाही, पण उत्तर पुढे सरकतच नाही म्हणावं इतकं हळू. फ्लोट३२ मुळे असेल का?

सातपुडा
बाजूचा कसला, हाच प्रश्न आहे. फ्लोट३२ वर संशय घेण्याआधी नॉर्म बदलून पाहा. ½‖Ax − b‖² चा ग्रेडियंट किती वेगाने बदलतो याची मर्यादा ऑपरेटर नॉर्मच्या वर्गाने ठरते. तुम्ही फ्रोबेनियसचा वर्ग वापरलात.

अशा यादृच्छिक n×n मॅट्रिक्सचा फ्रोबेनियस नॉर्म साधारण n असतो आणि ऑपरेटर नॉर्म साधारण २√n. n = १००० ला १००० आणि सुमारे ६३. वर्ग केल्यावर १०,००,००० आणि सुमारे ४,०००. म्हणजे तुमचं पाऊल हवं त्याच्या २५० पट लहान पडतंय. फ्रोबेनियस मोठा असल्यामुळे गणित फुटत नाही, आणि म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. तपासायला दोन्ही नॉर्म काढून वर्गांचं गुणोत्तर पाहा. दोनतीनच्या आत असेल तर दोष दुसरीकडे शोधा. मात्र चौरस यादृच्छिक मॅट्रिक्सची सगळ्यात लहान सिंग्युलर व्हॅल्यू फारच लहान असते, तेव्हा योग्य पावलानेही संथपणा राहील.

दुर्बीण
मोठ्या मॅट्रिक्सला `norm(A, 2)` पूर्ण एसव्हीडी करतं, ते महाग पडतं. हवी असते एकच सिंग्युलर व्हॅल्यू. त्यापेक्षा एक व्हेक्टर घ्या, A ने गुणा, Aᵀ ने गुणा, लांबी १ करा आणि पुन्हा तेच. दर फेरीला ‖Ax‖ नोंदवा. वरच्याच मॅट्रिक्सवर (१, ०) पासून निघालात तर ५, मग ६.६७२, मग ६.७०८. तिसऱ्या नोंदीलाच तीन दशांश स्थळं जुळली, कारण ४५ आणि ५ मध्ये नऊ पटींचं अंतर आहे. पहिल्या दोन सिंग्युलर व्हॅल्यू जवळजवळ असतील तर मात्र फेऱ्या खूप लागतात.

सुरुवातीचा व्हेक्टर यादृच्छिकच घ्या. याच उदाहरणात (१, −१) घेतलात तर AᵀA त्याला फक्त पाचपट करतं, दिशा तीच राहते. उत्तर २.२३६ वर अडकतं आणि "आकडा आता बदलत नाही" म्हणून प्रोग्राम समाधानाने थांबतो. म्हणून दोन वेगळ्या सुरुवाती करून ताडून पाहावं.

सातपुडा
याला एक जोड. या रीतीचा आकडा खऱ्या नॉर्मपेक्षा नेहमी थोडा कमी किंवा बरोबर असतो, कधी जास्त नसतो. उंबरठा यांना त्याने अडचण नाही, कारण पाऊल २/‖A‖² च्या आत असलं की चालतं. पण "चूक याहून जास्त होणारच नाही" अशी हमी द्यायची असेल तर हा आकडा पुरत नाही. तिथे फ्रोबेनियसची वरची मर्यादा कामाची, सैल असली तरी खात्रीची.

कोरा कागद
मग निवड कशी करायची? मला मूळ मॅट्रिक्स आणि तिचं संक्षिप्त रूप यांतल्या फरकाचा नॉर्म द्यायचा आहे.

सातपुडा
पुढे त्या मॅट्रिक्सचं काय होणार ते बघा. कोणताही x येऊ शकतो आणि सगळ्यात वाईट x ला किती चूक होईल हे सांगायचं असेल तर ऑपरेटर. x सगळ्या दिशांनी सारखाच येत असेल आणि सरासरी चूक हवी असेल तर फ्रोबेनियस: एक लांबीच्या व्हेक्टरांवर ‖Ax‖² ची सरासरी म्हणजे फ्रोबेनियसचा वर्ग भागिले n. आपल्या उदाहरणात ५०/२ = २५, म्हणजे साधारण ताण ५, तर कमाल ६.७०८.

संक्षेप एसव्हीडी कापून केला असेल तर दोन्ही नॉर्मांच्या दृष्टीने तोच सर्वोत्तम आहे, वेगळी रूपं काढायला नकोत. फक्त चूक किती हे सांगणारा आकडा बदलतो. ऑपरेटरमध्ये टाकलेली पहिली सिंग्युलर व्हॅल्यू, फ्रोबेनियसमध्ये टाकलेल्या सगळ्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ.

चौकट
आयगेनव्हॅल्यूचं मान्य. पण शब्दाबद्दल माझा आक्षेप आहे. व्हेक्टरची लांबी वेगळ्या रीतीने मोजली तर ऑपरेटर नॉर्मही बदलतो. स्तंभांच्या बेरजेचा नॉर्म घेतला तर याच मॅट्रिक्सला ७ येतो, तोही ऑपरेटर नॉर्मच. आर मध्ये `norm(A)` नेमका तो देतं. मग √४५ ला 'स्पेक्ट्रल नॉर्म'च म्हणायला हवं.

दुर्बीण
'स्पेक्ट्रल' ऐकून लोक पुन्हा A च्या आयगेनव्हॅल्यू काढायला जातात, वर झालं तसं. मी 'ऑपरेटर २-नॉर्म' लिहिते.

सातपुडा
मी चौकट यांच्या बाजूचा आहे, पण खाली एक ओळ जोडतो: "म्हणजे सगळ्यात मोठी सिंग्युलर व्हॅल्यू."

उंबरठा
गुणोत्तर काढलं, २५१ आलं. नॉर्म बदलून पुन्हा चालवतोय.