सत्यमच्या बोर्डाने त्या दिवशी ‘नाही’ म्हटलं असतं तर?

मंजिरी (पुणे)

एमकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात सत्यम-मेटासचं प्रकरण झालं आणि डोक्यातून जात नाहीये. १६ डिसेंबर २००८ ला सत्यम कॉम्प्युटरच्या बोर्डाने कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्याच दोन कंपन्या विकत घ्यायला एकमताने होकार दिला. बोर्डावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, आयआयटी दिल्लीचे माजी संचालक होते. अशी माणसंही काही करणार नसतील तर स्वतंत्र संचालक हवेत कशाला? माझं मत असं की हे पद रद्द करावं आणि असे व्यवहार थेट भागधारकांच्या मतदानाला टाकावेत. कुठे चुकत असेन तर सांगा.

दिगंबर सी.एस.

मंजिरी, सव्वीस वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून बोर्डाच्या बैठकांची इतिवृत्तं लिहितोय. तुझा राग रास्त आहे, उपाय मात्र मला पटत नाही.

आधी त्या दिवशी टेबलावर काय होतं ते बघ. मेटास प्रॉपर्टीज पूर्ण घ्यायची १.३ अब्ज डॉलरला आणि मेटास इन्फ्राचे ५१ टक्के ३० कोटी डॉलरला. म्हणजे एकूण १.६ अब्ज. त्या वेळच्या भावाने साडेसात हजार कोटी रुपयांच्या वर. कंपनी सॉफ्टवेअरची आणि खरेदी जमीन-बांधकामाची. (मेटास हे नाव म्हणजे इंग्रजीतलं सत्यम उलटं लिहिलेलं, त्यामुळे नातं कोणापासून लपलेलं नव्हतं.)

आता शंभर रुपयांचा हिशोब कर. सत्यममध्ये कुटुंबाचा हिस्सा उरला होता साधारण साडेआठ टक्के. मेटासच्या कंपन्यांमध्ये तो एक तृतीयांशाहून जास्त. सत्यमच्या तिजोरीतून शंभर रुपये गेले तर त्यातले त्यांच्या खिशातले साडेआठ आणि विकणाऱ्याच्या बाजूने त्यांच्याकडे येणार तेहेतीसच्या वर. मेटासची किंमत जितकी फुगवून लावाल तितका त्यांचा फायदा. पुस्तकात मालक एकीकडे आणि पगारी व्यवस्थापक दुसरीकडे असतो. इथे एकच माणूस एका कंपनीत थोडा मालक, तिथलाच अध्यक्ष आणि समोरच्या कंपनीत मोठा विक्रेता होता. बोर्डाला एकच प्रश्न सोडवायचा होता: या माणसाने सांगितलेली किंमत आपण का मानावी?

प्रश्न विचारले गेले होते, हे लक्षात घे. पण विरोधी मत कोणी नोंदवलं नाही. बोर्डावरच्या एक स्वतंत्र संचालक मंगलम श्रीनिवासन यांनी काही दिवसांनी राजीनामा दिला तो हेच सांगत, की आक्षेप होते तरी आपण विरोधात मत टाकलं नाही. शंका बोलून दाखवणं आणि ‘माझा विरोध इतिवृत्तात लिहा’ असं म्हणणं यात फार मोठं अंतर आहे. पहिलं मी प्रत्येक बैठकीत ऐकतो. दुसरं सव्वीस वर्षांत पाच-सहा वेळाच ऐकलं असेल. तो शब्द उच्चारला की खोलीत सगळे आपल्याकडे बघायला लागतात आणि माझं पेनही क्षणभर थांबतं.

रोहन शेअरवाला

एवढं गुंतागुंतीचं नाहीये हो. साडेआठ टक्के हिस्सा असलेला माणूस कंपनी चालवतो हेच मूळ दुखणं. प्रवर्तकाला ५१ टक्के ठेवायची सक्ती करा. स्वतःच्या घरात कोण चोरी करतो?

दिगंबर सी.एस.

रोहन, अर्धं बरोबर आहे. हिस्सा कमी झाला की मोह वाढतो, खरंच. पण तुमच्या ५१ टक्क्यांनी तोच हिशोब करून बघा. समोरची कंपनी शंभर टक्के त्याच्याच घरची असेल तर शंभरातले ५१ त्याचे जातात आणि शंभर परत येतात. एकोणपन्नास तरीही इतरांचेच गेले. शिवाय साध्या ठरावाचं मतदान तो एकटाच जिंकतो आणि बोर्डावर कोण बसणार तेही तोच ठरवतो. हिस्सा वाढवल्याने मोह कमी होतो, अडवणारं मात्र कोणी उरत नाही.

सुभाषकाका, सांगली

मी कंपनीवाला नाही, पतसंस्थेत दोन टर्म संचालक होतो. तुमचा विषय मला ऐनवेळच्या विषयासारखा वाटतो. आमच्याकडे अजेंड्याच्या शेवटी ओळ असायची, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. एकदा अकरा विषय झाले, चहा-पोहे झाले, लोक चपला शोधायला लागले आणि त्यात एक कागद फिरला. शाखेसाठी गोडाऊनची जागा घ्यायची. जागा अध्यक्षांच्या पुतण्याची. मूल्यांकनाचा दाखला होता, पण तो कोणी आणला ते लिहिलेलं नव्हतं. माझ्या आधी सात सह्या झालेल्या. मी आठवी केली. आजूबाजूचा दर काय चाललाय ते मला माहीत होतं, माझं शेत तिथून दोन किलोमीटरवर आहे. तरी केली. आजही रुतून आहे ते. तेव्हा मंजिरीताईंनी नुसत्या मोठ्या पदव्या बघू नयेत.

दिगंबर सी.एस.

काका, बरं झालं सांगितलंत. मूल्यांकन कोणी मागवलं हाच पहिला प्रश्न असतो. विकणाऱ्याच्या घरचा माणूस मूल्यांकनकार नेमत असेल तर आकडा कितीही नीटनेटका असो, तो विक्रेत्याचाच. आता कंपनी कायद्यात बैठकीची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. पण भाव हलवू शकणारी माहिती फुटू नये म्हणून अशा विषयांचे कागद संमती घेऊन उशिरा देता येतात. म्हणजे ज्या विषयाला सर्वात जास्त वेळ हवा तोच सर्वात घाईत येऊ शकतो. मी संचालकांना सांगतो, कागद आज हातात पडले असतील तर निर्णय आज घेऊ नका. दहा दिवसांनी दुसरी बैठक बोलवा. ज्याला खरोखर विकायचंय तो दहा दिवस थांबतो.

वैदेही (लंडन)

मी इथे एका पेन्शन फंडासाठी भारतीय कंपन्या बघते आणि मी मंजिरीच्या बाजूची आहे. दिगंबरजी, तो व्यवहार थांबवला कोणी? बोर्डाने नाही. घोषणा झाली, त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये सत्यमच्या रोख्याचा भाव निम्म्याहून जास्त कोसळला, मोठ्या गुंतवणूकदारांचे संतापलेले फोन गेले आणि भारतात सकाळी बाजार उघडायच्या आत कंपनीने माघार घेतली. ज्यांचे पैसे होते त्यांनी काही तासांत केलं, ते नामवंतांच्या बोर्डाला बैठकीत बसून जमलं नाही. मग मताचा अधिकार पैसेवाल्यांनाच का देऊ नये?

दिगंबर सी.एस.

कारण भागधारकाला तेवढंच दिसतं जेवढं त्याला दाखवलं जातं. त्या रात्री तुम्हा सगळ्यांना किंमत दिसली. भोक दिसलं नाही. ते ७ जानेवारी २००९ च्या पत्रात रामलिंग राजूंनी स्वतः सांगितलं: ताळेबंदात रोकड आणि बँकशिल्लक ५,३६१ कोटी, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्याच पत्राप्रमाणे सप्टेंबर तिमाहीचा नफा विक्रीच्या २४ टक्के दाखवला होता, खरा होता ३ टक्के. मेटासची खरेदी हा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणायचा शेवटचा प्रयत्न होता, असंही त्यात आहे. पैसे नंतर सावकाश द्यायचे म्हणजे प्रत्यक्षात काही हलवायला नको.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. खरेदी साडेसात हजार कोटींच्या वर, वहीतली रोकड ५,३६१ कोटी. सगळी तिजोरी रिकामी करूनही पैसे पुरत नव्हते. अशा वेळी लेखापरीक्षण समितीतल्या एका जरी माणसाने म्हटलं असतं, ‘पैसे द्यायच्या आधी मुदत ठेवींचे दाखले बँकेकडून थेट माझ्याकडे मागवा, कंपनीमार्फत नकोत,’ तर खेळ तिथेच संपला असता. लंडनमधला मतदार बँकेला असं पत्र पाठवू शकत नाही. समिती ते करायला लावू शकते. म्हणून मला ते पद हवंय.

रोहन शेअरवाला

थांबा, मग तर व्यवहार झाला असता तर बरंच होतं! खोट्या नोटांच्या जागी खरी जमीन आली असती, लहान भागधारकांचाच फायदा.

वैदेही (लंडन)

रोहन, २००८ च्या डिसेंबरमध्ये बांधकाम कंपन्यांना पैसे कोण देत होतं? जमिनीची किंमत भोकाच्या मापाने ठरवली की वहीत जुळते, बाजारात नाही. लबाडी आणखी काही वर्षं पुढे गेली असती आणि पुढची माणसं त्या भावाने शेअर घेत राहिली असती. तरी तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला टोचते. त्या रात्री आम्ही सगळे समजत होतो की पैसा कंपनीतून कुटुंबाकडे जातोय. खरं काय होतं ते आम्हाला कळलंच नव्हतं. योग्य कृती केली, कारण चुकीचं होतं. एवढं दिगंबरजींना देते.

मंजिरी (पुणे)

म्हणजे मतदानही हवं आणि आतून बघणाराही हवा. पण आत बघणाऱ्याला नेमतो कोण? तोच ना, ज्याच्यावर लक्ष ठेवायचंय?

दिगंबर सी.एस.

इथे तू माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस. व्यवहारांच्या बाबतीत नियम बरेच सुधारले. सेबीच्या नियमांप्रमाणे आज सूचीबद्ध कंपनीत संबंधित पक्षाशी मोठा व्यवहार असेल तर भागधारकांची मंजुरी लागते आणि संबंधित पक्षाला त्या ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. त्याआधी लेखापरीक्षण समितीत मंजुरी द्यायची ती फक्त स्वतंत्र सदस्यांनी. मेटास आज आलं असतं तर कुटुंबाचे साडेआठ टक्के बाजूला ठेवूनच मोजणी झाली असती. म्हणजे तुझी अर्धी मागणी मान्यच झाली आहे.

नेमणुकीचं मात्र तसं नाही. २०२२ पासून स्वतंत्र संचालकाला विशेष ठराव लागतो, पडलेल्या मतांत बाजूने तीन आणि विरोधात एक. पण त्यात प्रवर्तकही मतदान करतो.

वैदेही (लंडन)

आणि ज्याच्याकडे सत्तर टक्के आहेत त्याला उरलेल्या तिसातले किती लागतात? सगळ्यांनी मत दिलं तरी पाच पुरेत, म्हणजे सहापैकी एक भागधारक. प्रत्यक्षात बरेच लहान भागधारक मतदानच करत नाहीत, त्यामुळे तेवढेही लागत नाहीत. सेबीनेच आधी लहान भागधारकांची वेगळी मोजणी सुचवली होती, शेवटी ठरला विशेष ठराव. वेगळी मोजणी सक्तीची होत नाही तोवर मी ‘स्वतंत्र’ हा शब्द मान्य करणार नाही.

दिगंबर सी.एस.

मला त्याचीही भीती वाटते. एखाद्या फंडाने आपला माणूस आत बसवला तर तो त्या फंडाचा एजंट होईल, इतर लहानांचा नाही. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

सुभाषकाका, सांगली

एक विचारतो. विरोध नोंदवला तर त्या माणसाला पुढच्या टर्मला कोण घेतं? आमच्याकडे एका बाईंनी नोंदवला होता. पुढच्या पॅनेलमध्ये त्यांचं नाव नव्हतं.

मंजिरी (पुणे)

काका, त्या बाईंशी बोलता येईल का? माझ्या प्रकल्पासाठी नाव न घालता त्यांचं ऐकायचंय. विरोध नोंदवायच्या आधी त्यांनी नेमकं काय बघितलं होतं, ते मला या धाग्यात अजून कुठे मिळालेलं नाही.